मॅडमना नुसतं ‘हो’ म्हणता येईल असा ईमेल

*‘मी हिंगोलीत एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. कृषी अर्थशास्त्राच्या मॅडमनी गूगल क्लासरूमवर असाइनमेंट टाकली आहे: “आपल्या जिल्ह्यातील पीक-रचनेतील बदलांचे चिकित्सक विश्लेषण करा. योग्य आकडेवारी वापरावी. 2000 ते 2500 शब्द. संदर्भ आवश्यक. गुण 20. मुदत 18 तारीख.” अजून पंधरा दिवस आहेत, पण किती वर्षांचे बदल, कुठली आकडेवारी, चिकित्सक म्हणजे काय, काहीच कळत नाही. मी असा ईमेल लिहून ठेवलाय: “आदरणीय मॅडम, मला असाइनमेंटबद्दल काही शंका आहेत. नेमके काय अपेक्षित आहे ते कृपया सविस्तर सांगावे. आपल्या मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत.” मित्र म्हणतात, विचारू नको, मॅडम चिडतात. पाठवू का?’*

*– एक विद्यार्थी, हिंगोली*

विचारा, जरूर विचारा. फक्त हा मसुदा पाठवू नका. त्यात उद्धट काहीच नाही. अडचण अशी की त्याला उत्तर देता येत नाही. ‘सविस्तर सांगावे’ म्हटल्यावर मॅडमना एक तर आख्खी असाइनमेंट समजावून सांगावी लागेल, नाही तर ‘वर्गात सांगितलंय, नोट्स बघा’ एवढं लिहून मोकळं व्हावं लागेल. त्या हा ईमेल बहुधा मोबाइलवर वाचणार, दोन तासिकांच्या मधल्या वेळेत किंवा नॅकची फाइल समोर उघडी असताना. तेव्हा दुसरंच उत्तर येणार. मित्रांना जो राग वाटतो, तो बऱ्याचदा या दुसऱ्या उत्तराचा कोरडेपणा असतो.

विचारणाऱ्याने आधी स्वतःचं उत्तर ठरवायचं, ते लिहायचं आणि ‘असं केलं तर चालेल का?’ एवढंच विचारायचं. मॅडमनी ‘हो’ लिहिलं तरी काम पुढे सरकलं पाहिजे. ‘दहा वर्षांची आकडेवारी घेऊ की वीस?’ असं विचारलंत तर घाईत ‘हो, ठीक आहे’ एवढंच उत्तर येऊ शकतं, आणि मग नेमकं काय ठीक आहे ते तुम्हाला कळत नाही. तसाच दुसरा सापळा नकारार्थी प्रश्नाचा. ‘मुलाखती घ्यायची गरज नाही ना?’ याला आलेलं ‘हो’ म्हणजे गरज आहे की नाही, हे सांगणं अवघड. म्हणून ‘की’ आणि ‘ना’ हे दोन शब्द या ईमेलमधून काढून टाका. प्रश्न आपोआप सुधारतील.

पण स्वतःचं उत्तर ठरवायचं तर आधी थोडा गृहपाठ लागतो. एका दुपारचं काम आहे. क्लासरूमवरची सूचना शेवटपर्यंत वाचा, तिला जोडलेली फाइल असेल तर उघडा, आणि विषयाचा अभ्यासक्रम काढून पीक-रचना कुठल्या घटकात आहे ते बघा. त्याच घटकात एखादं सूत्र किंवा निर्देशांक दिला असेल, तर ‘चिकित्सक’ या शब्दात तो धरलेला असण्याची शक्यता मोठी. मग वर्गातल्या एखाद्याच्या नोट्स पाहा, कारण मॅडमनी हे तोंडी सांगितलं असेल आणि तुम्ही त्या दिवशी नसाल, असंही असू शकतं. एवढं केल्यावर जे उरेल, ती खरी संदिग्धता.

त्यातलंही सगळं विचारायचं नाही. ज्याच्या उत्तराने तुमचं काम बदलतं, तेवढंच विचारायचं. तुमच्या सूचनेतली शब्दमर्यादाच घ्या. तक्ते आणि संदर्भ 2500 शब्दांत धरायचे की नाही, हा प्रश्न वर्गातल्या निम्म्या मुलांच्या डोक्यात असणार. तो विचारायची गरजच नाही. मजकूर एकटा 2050 च्या आसपास ठेवा आणि तक्ते, संदर्भ धरून एकूण 2500 च्या आत बसवा. मॅडमनी कसंही मोजलं तरी तुम्ही मर्यादेतच आहात. संदर्भ लिहायच्या पद्धतीचंही तेच. विभागाने एखादी पद्धत ठरवून दिली असेल तर ती वापरा, नसेल तर कुठलीही एक घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. गुण जातात ते एका संदर्भात वर्ष आधी आणि दुसऱ्यात वर्ष शेवटी असल्यामुळे.

हस्तलिखित की टाइप केलेलं, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, कारण हस्तलिखित असेल तर तक्ते आणि आलेखही हाताने काढावे लागतील. क्लासरूमवर फाइल चढवायची आहे म्हणजे टाइपच हवं, असं धरू नका. हाताने लिहून स्कॅन केलेली फाइलही तिथे चढतेच. पण हा सगळ्या वर्गाचा प्रश्न आहे. तो सीआरने एकदा विचारावा आणि उत्तर सगळ्यांना मिळावं. एकाच प्रश्नाचे तीस ईमेल गेले की एकतिसावा वाचलाच जात नाही.

आता तुमच्या विषयाकडे. ‘आपल्या जिल्ह्यातील बदल’ हे शब्द वाटतात तितके सरळ नाहीत, आणि हिंगोलीच्या बाबतीत तर मुळीच नाहीत. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. तुम्ही उत्साहाने 1990 पासूनची तुलना करायला घेतलीत, तर आधीच्या दशकाच्या जिल्हावार तक्त्यांत हिंगोलीचं नावच सापडणार नाही. तिथे असेल तो जुना, एकत्र परभणी जिल्हा. ते आकडे घेऊन आजच्या हिंगोलीशी तुलना केलीत, तर ज्वारीखालचं क्षेत्र प्रचंड घटलेलं दिसेल. त्यातली बरीचशी घट पिकातली नसेल, जिल्ह्याचा आकार लहान झाल्याची असेल. असाइनमेंट तपासणाऱ्याच्या नजरेला ही चूक लगेच पडते. वाशीम, नंदुरबार, गोंदिया, पालघर इथल्या विद्यार्थ्यांनीही आपला जिल्हा कधी झाला ते आधी बघावं.

म्हणजे कालखंडाचा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण त्याला खरंखुरं कारण आहे. ते कारण ईमेलमध्ये एका वाक्यात आलं पाहिजे. ‘किती वर्षांचा बदल दाखवू?’ असं विचारणारा विद्यार्थी आणि ‘जिल्हा 1999 चा आहे म्हणून 2001-02 पासून सुरुवात करतोय’ असं लिहिणारा विद्यार्थी यांच्यातला फरक मॅडमना पहिल्या ओळीतच कळतो. क्वचित त्या म्हणतील, ‘परभणी आणि हिंगोली एकत्र धरून 1990 पासून बघा.’ तेही करता येतं, आणि मग 1999 नंतर दोन्ही जिल्ह्यांचे आकडे मिळवावे लागतात. काम वाढतं ते असं. म्हणूनच हे आधी विचारून घ्यायचं.

कालखंडाचीच दुसरी बाजू तुम्ही स्वतः ठरवायची आहे. कुठलंही एकेक वर्ष उचलून तुलना करू नका. मराठवाड्यात 2014-15 आणि 2015-16 ही लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती. शेवटचं वर्ष म्हणून 2015-16 घेतलंत, तर पेरणी घटलेली दिसेल आणि तुम्ही त्याला पीक-रचनेतला बदल म्हणाल. सुरुवातीची तीन वर्षं आणि शेवटची तीन वर्षं यांची सरासरी काढून तुलना केली, की असा एखाद्या वर्षाचा धक्का बराच मऊ होतो. शेती अर्थशास्त्रात ही नेहमीची रीत आहे. ती मॅडमना विचारायची नाही, फक्त कळवायची. चुकत असेल तर त्या थांबवतील.

टक्केवारी कशाची, हेही आधीच ठरवा. मराठवाड्यात खरिपात सोयाबीन आणि त्याच रानात रब्बीला हरभरा, हे सर्रास दिसतं. निव्वळ पेरणी क्षेत्रात ती जमीन एकदा धरली जाते, एकूण पिकाखालील क्षेत्रात दोनदा. समजा, 100 हेक्टर जमिनीत पूर्वी एकच पीक घेत आणि त्यात 40 हेक्टर ज्वारी होती. आज ज्वारी 40 हेक्टरच आहे, पण दुबार पिकामुळे एकूण पिकाखालील क्षेत्र 140 हेक्टर झालंय. मग ज्वारीचा वाटा 40 टक्क्यांवरून सुमारे 29 टक्क्यांवर आलेला दिसेल आणि प्रत्यक्षात एक गुंठाही कमी झालेला नसेल. पीक-रचनेसाठी साधारणपणे एकूण पिकाखालील क्षेत्रातला वाटा घेतात. तोच घ्या, पण शेजारी हेक्टरचे आकडेही द्या. ईमेलमध्ये याला अर्धं वाक्य पुरे.

दुसरी खरी शंका ‘योग्य आकडेवारी’ची. यात प्रकाशित आकडेवारी बसते आणि गावात जाऊन वीस शेतकऱ्यांना विचारून आणलेली माहितीही बसते. दोन्हींना लागणारा वेळ अगदी वेगळा आहे, म्हणून हे विचारायलाच हवं. प्रकाशित आकडेवारीसाठी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ बघा. त्यात पीकवार क्षेत्राचे तक्ते असतात. जोडीला कृषी गणनेचे अहवाल आहेत. ईमेल पाठवण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या सहा वर्षांचे तक्ते खरोखर हाताशी येतात का, एवढं तपासा. जी वर्षं मिळत नाहीत ती ईमेलमध्ये लिहिलीत आणि मॅडम ‘हो’ म्हणाल्या, तर पुन्हा त्यांच्याकडे जाणं जड जातं.

तिसरी शंका ‘चिकित्सक’ची. ‘चिकित्सक म्हणजे काय?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर म्हणजे एक तासाचं व्याख्यान. तुम्ही काय करणार आहात ते सांगा: प्रमुख पाच पिकांचा वाटा कसा बदलला ते दाखवायचं, सोयाबीन का वाढलं आणि ज्वारी, कापूस का घटले (तुमच्या तक्त्यात तसं दिसत असेल तर) याची कारणं तपासायची, आणि वर्गात हर्फिन्डाल निर्देशांक शिकवला असेल तर दोन्ही कालखंडांसाठी तो काढायचा. हा निर्देशांक म्हणजे प्रत्येक पिकाच्या वाट्याच्या वर्गांची बेरीज. बेरीज वाढली तर शेती थोड्या पिकांत एकवटली, कमी झाली तर विखुरली. पाच पिकं आणि ‘इतर’ मिळून बारा आकडे, कॅल्क्युलेटरवर होणारं काम. यावर मॅडम ‘निर्देशांक नको, कारणांवर भर द्या’ म्हणाल्या, तर 20 गुणांतले जास्त गुण कुठे आहेत तेही न विचारता कळलं. गुणांची विभागणी सरळ विचारली तर मात्र वाचणाऱ्याला वाटतं, हा कमीत कमी किती करायचं ते विचारतोय.

हे सगळं धरून ईमेल असा होतो:

> विषय: एम.ए. प्रथम वर्ष, कृषी अर्थशास्त्र: पीक-रचना असाइनमेंटबाबत तीन शंका
>
> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार.
>
> मी एम.ए. अर्थशास्त्र प्रथम वर्षाचा विद्यार्थी, रोल नंबर 27. पीक-रचनेवरील असाइनमेंटबाबत (मुदत 18 तारीख) तीन गोष्टी आपल्याकडून पक्क्या करून घ्यायच्या आहेत. क्लासरूमवरील सूचना आणि अभ्यासक्रम पाहिला, त्यात यांचा उल्लेख आढळला नाही.
>
> 1. कालखंड: हिंगोली जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाल्याने त्याआधीचे स्वतंत्र आकडे मिळत नाहीत. म्हणून 2001-02 ते 2003-04 आणि 2019-20 ते 2021-22 या दोन कालखंडांच्या तीन वर्षांच्या सरासरीची तुलना करणार आहे. चालेल का?
>
> 2. आकडेवारी: ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ व कृषी गणना यांतील प्रकाशित आकडेवारीवरच संपूर्ण लेखन करणार आहे. चालेल का?
>
> 3. विश्लेषण: पाच प्रमुख पिकांचा एकूण पिकाखालील क्षेत्रातील वाटा, वर्गात शिकवलेला हर्फिन्डाल निर्देशांक आणि बदलाची कारणे, असे तीन भाग करणार आहे. चालेल का?
>
> आपल्या सोयीने कळवावे, ही विनंती. ईमेलऐवजी लेक्चरनंतर सांगणे सोयीचे असेल तर मी गुरुवारी भेटू शकतो.
>
> आपला विद्यार्थी,
> (पूर्ण नाव)
> एम.ए. अर्थशास्त्र, प्रथम वर्ष, रोल नंबर 27

वर्षं तुमच्या तक्त्यांत जी मिळतील ती घाला. तीन प्रश्न ही वरची मर्यादा समजा. चौथा घातला की दोनांचीच उत्तरं येतात, आणि बहुधा सोप्या दोनांची. ‘आपला विश्वासू’ अर्जाला शोभतं, इथे नको. भाषा मराठी की इंग्रजी, याचा फार विचार करू नका. मॅडम ज्या भाषेत सूचना टाकतात, त्याच भाषेत लिहा. रोमन लिपीतली मराठी मात्र नको, आणि ‘mam’ तर नकोच. विषयाची ओळ रिकामी सोडू नका किंवा तिथे नुसतं ‘असाइनमेंट’ लिहू नका. मॅडमकडे तीन-चार वर्ग असतील आणि प्रत्येकात एक असाइनमेंट चालू असेल. कॉलेजने आयडी दिला असेल तर त्यावरूनच पाठवा. दहावीत गंमत म्हणून काढलेल्या आयडीवरून आलेला ईमेल कोणाचा आहे, हे कळायलाच वेळ जातो.

कच्चा मसुदा जोडू नका. ‘सोबत जोडलेलं बघून सांगा’ म्हटलं की दोन मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं होतं आणि ‘नंतर बघू’ या ढिगात जातं. हेच प्रश्न क्लासरूमवर असाइनमेंटच्या खाली प्रायव्हेट कॉमेंटमध्येही विचारता येतात, पण तिथे तीन मुद्दे वाचायला गैरसोयीचे पडतात. आणि चुकून ती कॉमेंट सगळ्या वर्गाला दिसणारी झाली, तर खाली ‘मॅडम माझीही हीच शंका’ची रांग लागते. व्हॉट्सॲप मॅडमनी स्वतःहून सांगितलं असेल तरच, आणि तेही लिहून. व्हॉइस मेसेजवर लिहिलेल्या मजकुरासारखी एक नजर टाकता येत नाही आणि नंतर तो शोधणंही अवघड जातं.

कामाच्या दिवशी सकाळी पाठवा. शनिवारी रात्री गेलेला ईमेल सोमवारी सकाळी खाली दबलेला असतो. दोन कामाचे दिवस थांबा. उत्तर नाही आलं, तर त्याच ईमेलला रिप्लाय करून एकच ओळ लिहा: ‘मॅडम, खालील ईमेलची नम्र आठवण. उद्या लेक्चरनंतर भेटलो तर चालेल का?’ नवीन ईमेल नको, कारण मग जुना शोधायचं काम त्यांच्यावर पडतं. आणि खरोखर भेटा. ईमेलची छापील प्रत हातात ठेवा, म्हणजे स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या तीन ‘हो-नाही’ मिळून जातात. पेपर तपासणीचा काळ असेल तर मॅडम कॅपला गेलेल्या असू शकतात. तेव्हा विभागाच्या शिपायाला किंवा क्लार्कला त्या कधी येतात ते विचारा, फोन करत सुटू नका.

तोंडी उत्तर मिळालं तर त्याच संध्याकाळी रिप्लाय टाका: ‘मॅडम, आज आपण सांगितल्याप्रमाणे कालखंड 2001-02 पासून, मुलाखती पाच शेतकऱ्यांच्या, निर्देशांक नाही, असे करतो. धन्यवाद.’ यात तुमचं ऐकण्यात काही चुकलं असेल तर ते 18 तारखेच्या आत समजतं. शिवाय असाइनमेंट तपासताना मॅडमना स्वतःचं म्हणणं आठवायला ही ओळ उपयोगी पडते.

‘तुमच्या मनाने करा’ असं उत्तर आलं, तर त्याला टाळाटाळ समजू नका. बरेच शिक्षक विषय मुद्दाम मोकळा सोडतात. विद्यार्थी कालखंड कसा निवडतो आणि त्याचं कारण देतो का, हेच त्यांना बघायचं असतं. त्याचा अर्थ एवढाच की तुमचे तीनही प्रस्ताव मान्य आहेत, पण त्यांची कारणं असाइनमेंटमध्ये लिहिलेली हवीत.

आणि उत्तर आलंच नाही, मॅडम भेटल्याही नाहीत, तर मुदतीच्या आठ दिवस आधी वाट बघणं थांबवा. असाइनमेंटच्या सुरुवातीला ‘अभ्यासाची व्याप्ती’ म्हणून एक परिच्छेद घाला आणि ईमेलमधले तीनही निर्णय तिथे कारणांसह लिहा: ‘हिंगोली जिल्ह्याची निर्मिती 1 मे 1999 रोजी झाल्याने 2001-02 पूर्वीची तुलना येथे केलेली नाही. एखाद्या वर्षाच्या पावसाचा परिणाम कमी व्हावा म्हणून तीन वर्षांची सरासरी घेतली आहे. विश्लेषण प्रकाशित आकडेवारीपुरते मर्यादित आहे.’ ऐंशी-नव्वद शब्दांत होतं. ‘मॅडमनी उत्तर दिले नाही म्हणून’ हे त्यात कुठेही येऊ देऊ नका. मॅडमच्या मनात दुसरा कालखंड असला, तरी असा परिच्छेद वाचल्यावर तुमची निवड चूक म्हणून गुण कापणं त्यांनाही अवघड जातं. तोच परिच्छेद नसेल तर 2001-02 पासूनची सुरुवात नुसती अर्धवट माहितीसारखी दिसते.

मॅडमचं उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा मोह होईल. आधी त्यांना विचारा. तुमच्या प्रस्तावाला दिलेला होकार हा सगळ्या वर्गासाठीचा नियम नसतो. सेनगावचा विद्यार्थी शेतकऱ्यांशी बोलून लिहिणार असेल, तर ‘प्रकाशित आकडेवारी चालेल’ हे वाचून तो हातातलं चांगलं काम सोडून देईल.